तीन किलोवॅट की पाच? बारा वीजबिलं समोर ठेवून केलेला सोलरचा हिशोब

आमचं घर कोपरखैरण्यात, रो-हाउस, तळमजला अधिक एक. गच्ची आमची एकट्याची, म्हणून सोलरचा विचार करता आला. २०२५ च्या एप्रिलमध्ये एका विक्रेत्याकडून कोटेशन घेतलं. आलेला मुलगा बोलायला चांगला होता. त्याने आमचं मार्चचं बिल बघितलं, गच्चीवर एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मॅडम, पाच किलोवॅट टाका. बिल शून्य, आणि अडीच-तीन वर्षांत पैसे वसूल."

मी वाशीच्या मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याकडे हिशोब बघते. आकडा कुठून आला हे कळल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. त्याचा हिशोब असा होता: वर्षाचं एकूण बिल, भागिले वर्षाचे युनिट, म्हणजे एका युनिटचा सरासरी दर. आमच्याकडे तो साधारण सव्वाबारा रुपये येतो. मग सोलरचे युनिट गुणिले सव्वाबारा, झाली वर्षाची बचत. हा हिशोब ऐकायला बरोबर वाटतो, पण आपल्याकडचं बिल सरासरी दराने येतच नाही. ते टप्प्यांनी येतं, आणि सोलरचा सगळा खेळ त्या टप्प्यांत आहे.

म्हणून मी एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ ची बारा बिलं काढली. हीच बारा घेण्याला कारण आहे, ते पुढे येईलच. सगळी बिलं जपून ठेवलेली नसली तरी अडत नाही. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. पण मला प्रत्येक महिन्याचं रिडिंगही बघायचं होतं, आणि ते बघितलं हे बरं झालं. ऑगस्टच्या बिलात ३९० युनिट होते आणि सप्टेंबरच्या बिलात फक्त १६०. आम्ही गावी होतो, गेटला कुलूप होतं, रिडिंग घेता आलं नाही, म्हणून ऑगस्टला सरासरीचं बिल आलं आणि पुढच्या महिन्यात वळतं झालं. दोन्हींची बेरीज ५५०. मी ती २७० आणि २८० अशी वाटून घेतली. तसं केलं नसतं तर पावसाळ्यातला एक महिना उगाच वरच्या टप्प्यात गेला असता आणि बचत फुगली असती. बिलं समोर घेतली की आधी हे तपासावं: चालू रिडिंग वजा मागील रिडिंग म्हणजेच वापरलेले युनिट आहेत का?

आमचा वापर असा निघाला. एप्रिल ४१०, मे ४७०, जून ४००. दोन एसी आहेत, आणि सासऱ्यांच्या खोलीतला दुपारीही चालतो. जुलै २९०, ऑगस्ट २७०, सप्टेंबर २८०. ऑक्टोबर हिटमध्ये ३५०. नोव्हेंबर २७०, मग डिसेंबर २००, जानेवारी १९०, फेब्रुवारी २००, आणि मार्चला पुन्हा २९०. वर्षाचे एकूण ३,६२० युनिट.

आता दर. बिलात वीज आकार आणि वहन आकार वेगळे दाखवतात, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क लागतं. त्या वर्षी घरगुती ग्राहकाला हे सगळं धरून पहिल्या १०० युनिटला साधारण ६ रुपये ८० पैसे, १०१ ते ३०० ला १३ रुपये ३० पैसे आणि ३०१ ते ५०० ला १८ रुपये २० पैसे पडत होते. इंधन समायोजन आकार कधी असतो, कधी नसतो, तो मी धरला नाही. स्थिर आकार शुल्कासकट महिन्याला दीडशेच्या आसपास. सोलर लावलं तरी तो जात नाही, त्यामुळे "बिल शून्य" हे शब्दशः कोणाचंच होत नाही.

या दरांनी वर्षाचं वीज आकाराचं बिल ४२,४५० रुपये झालं, स्थिर आकार धरून ४४,२५०.

इथे नेट मीटरची पद्धत नीट समजून घ्यायला हवी. दिवसा पॅनलची वीज घरात वापरली जाते, उरलेली महावितरणच्या तारांत जाते, रात्री आपण तिकडून घेतो. महिन्याच्या शेवटी घेतलेल्या युनिटमधून दिलेले वजा होतात, आणि उरतात त्यांचंच टप्प्यांप्रमाणे बिल होतं. म्हणजे सोलर आपल्या वापरातले वरच्या टप्प्यातले, महाग युनिट आधी खातं आणि पहिले स्वस्त १०० सगळ्यात शेवटी. मे महिन्यात आमचे ४७० युनिट. त्यातले ३०० च्या वरचे १७० आधी जाणार, प्रत्येकी १८ रुपये २० पैशांचे. मग मधले २०० जाणार, १३ रुपये ३० पैशांचे. त्यानंतर वाचलेला प्रत्येक युनिट पावणेसात रुपयांचाच.

ज्या महिन्यात वापरापेक्षा जास्त वीज तयार होते, त्या महिन्यात जादा युनिट जमा राहतात आणि पुढच्या बिलात वळते होतात. पण ही जमा आर्थिक वर्षापुरतीच. ३१ मार्चला जे शिल्लक असेल त्याचे पैसे कंपनी देते, तेही फार कमी दराने, आणि १ एप्रिलला खातं पुन्हा शून्यावरून सुरू होतं. म्हणून मी एप्रिल ते मार्च अशीच बिलं घेतली. जानेवारी ते डिसेंबर घेतली असती तर हिवाळ्यातले जादा युनिट एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात वापरता येतात असं कागदावर दिसलं असतं. प्रत्यक्षात एसी सुरू व्हायच्या तोंडावर ती शिल्लक निघून जाते.

पुढचा प्रश्न, पॅनल महिन्याला किती देतील? विक्रेता म्हणाला, "एका किलोवॅटला दिवसाला चार युनिट." वर्षाची सरासरी म्हणून ते फार चुकीचं नाही. पण वर्षाची सरासरी मला नको होती, महिना हवा होता. नवी मुंबईचा जुलै आणि नवी मुंबईचा मार्च एका मापाने मोजता येत नाही. `PVWatts` या मोफत संकेतस्थळावर आपलं ठिकाण, पॅनलची दिशा आणि उतार भरला की महिनावार अंदाज मिळतो. त्यातून धूळ आणि सावलीसाठी वजावट करून मी एका किलोवॅटला हे आकडे धरले: एप्रिल आणि मे १३०, जून ९०, जुलै ६५, ऑगस्ट ७०, सप्टेंबर ९०, ऑक्टोबर ११५, नोव्हेंबर आणि डिसेंबर ११०, जानेवारी ११५, फेब्रुवारी ११८, मार्च १३५. वर्षाचे १,२७८. दिवसाला साडेतीन युनिट झाले. विक्रेत्याच्या चारपेक्षा कमी, आणि मला ते कमीच धरायचे होते.

सावलीचं थोडं सविस्तर सांगते, कारण रो-हाउसच्या गच्चीवर हीच मोठी अडचण असते. आमच्या गच्चीच्या दक्षिण टोकाला पाण्याची टाकी आहे, चौथऱ्यासकट आठ फूट उंच. शेजाऱ्यांनी पूर्वेला एक मजला वाढवलाय. आपल्याकडे डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो आणि सावली जवळजवळ वस्तूच्या उंचीइतकी पडते. म्हणजे टाकीची सावली उत्तरेकडे सात-साडेसात फूट येणार, आणि सकाळ-संध्याकाळ त्याहून कितीतरी लांब. पॅनल एकमेकांना माळेसारखे जोडलेले असतात, त्यामुळे एखाद-दुसऱ्यावर सावली आली तरी ते निकामी झाल्यासारखे होतात आणि बाकीच्यांनाही थोडा फटका बसतो.

विक्रेत्याने दाखवलेल्या आराखड्यात सहापैकी दोन पॅनल टाकीच्या जवळ होते. आधी मला वाटलं, टाकीच हलवावी. प्लंबरने खर्च सांगितला तो काही थोडाथोडका नव्हता. मग मी बिलांच्या आकड्यांकडे पुन्हा बघितलं. टाकीची सावली त्रास देणार नोव्हेंबर ते जानेवारी. त्याच महिन्यांत आमचा वापर सगळ्यात कमी, आणि तीन किलोवॅटला युनिट जादा होणार. म्हणजे सावलीत बुडणारे युनिट ३१ मार्चला मातीमोल दराने जाणारेच आहेत! उलट मे महिन्यात, मुंबईत शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यावर असतो, सूर्य डोक्यावर, टाकीची सावली टाकीच्या पायाशी. ज्या महिन्यात युनिट १८ रुपयांचा, त्या महिन्यात दुपारी पॅनल मोकळे. टाकी जागेवरच ठेवायचं ठरलं. पॅनल मात्र शक्य तेवढे उत्तरेला सरकवून घेतले आणि पूर्वेच्या वाढीव मजल्यापासूनही लांब.

आता मुख्य हिशोब. विक्रेत्याने माझ्या सांगण्यावरून तीन आकारांचे भाव दिले. दोन किलोवॅट १,४५,०००, तीन किलोवॅट १,९५,०००, पाच किलोवॅट ३,००,०००. 'पीएम सूर्य घर' योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० अनुदान मिळतं. तीनच्या पुढे कितीही लावा, अनुदान ७८,००० वरच थांबतं. म्हणजे आमच्या खिशातून अनुक्रमे ८५,०००, १,१७,००० आणि २,२२,००० जाणार.

मी वहीत महिन्यागणिक लिहिलं: वापर, सोलर, उरलेले युनिट, त्यांचं टप्प्यांप्रमाणे बिल.

दोन किलोवॅटला मेमध्ये ४७० मधून २६० जाऊन २१० उरतात, जूनमध्ये २२०, जुलैत १६०. एकही महिना ३०० च्या वर जात नाही, म्हणजे सगळ्यात महाग टप्पा पूर्ण संपतो. डिसेंबर ते मार्च बिल जवळजवळ नाहीच. वर्षाचं बिल ४२,४५० वरून १०,३०० वर आलं. बचत ३२,१५०. खर्च ८५,०००. दोन वर्षं आठ महिने.

तीन किलोवॅटला एप्रिलमध्ये २० युनिट उरले, मेमध्ये ८०, जूनमध्ये १३०, जुलैत ९५, ऑगस्टमध्ये ६०, मग नुसते पाच-दहा. नोव्हेंबरपासून जमा सुरू झाली आणि ३१ मार्चला ६१४ युनिट शिल्लक राहिले. बिल वर्षाला २,९१५. बचत साधारण ३९,५०० आणि शिल्लक युनिटचे मिळतील ते वेगळे. ते मी आधी शून्यच धरले. १,१७,००० भागिले ३९,५००, जवळजवळ तीन वर्षं.

इथपर्यंत विक्रेत्याचं "अडीच-तीन वर्षं" खरंच होतं, आणि ते मी घरी तसंच सांगितलं. पण ते तीन किलोवॅटला खरं होतं, त्याने सुचवलेल्या पाचला नाही.

पाच किलोवॅटला वर्षाचे ६,३९० युनिट तयार होणार, आमचा वापर ३,६२०. एप्रिलपासूनच बिल संपलं. पण तीन किलोवॅटनंतर संपायला उरलंच काय होतं? वर्षाचे २,९१५ रुपये. बाकी २,७७० युनिट मार्चअखेर कमी दराने जाणार. तो दर मी अंदाजाने तीन रुपये धरला. तीन किलोवॅटच्या तुलनेत सगळं मिळून वर्षाला नऊ-साडेनऊ हजार जास्त, आणि त्यासाठी खिशातून १,०५,००० जास्त. हे वरचे दोन किलोवॅट वसूल व्हायला अकरा वर्षं लागणार. एकूण आकड्यात हे दिसत नाही, कारण पहिल्या तीन किलोवॅटची कमाई वरच्या दोनची बाजू सांभाळून घेते. म्हणून एकूण वसुलीपेक्षा प्रत्येक वाढीव किलोवॅटची वसुली वेगळी काढावी असं माझं ठाम मत झालंय. तसं बघितलं तर तिसरा किलोवॅट ३२,००० रुपयांत वर्षाला ७,४०० वाचवतो, म्हणजे सव्वाचार वर्षं. चालण्यासारखं आहे. चौथा-पाचवा नाही.

हे मी विक्रेत्याला दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, पुढे ईव्ही घ्याल, वापर वाढेल." मुद्दा खोटा नाही. महिन्याला शंभर-दीडशे युनिट गाडीला लागले तर पाच किलोवॅटचं गणित बदलतं. पण आमच्याकडे गाडी नाही आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत घ्यायचा विचारही नाही. ज्यांचा वापर बारा महिने पाचशेच्या वर आहे, त्यांचं उत्तर आमच्यापेक्षा वेगळंच येईल. आणि ज्यांचं बिल कायम शंभर-सव्वाशे युनिटमध्ये बसतं, त्यांचा बहुतेक प्रत्येक युनिट पावणेसात रुपयांचा. त्यांना वसुलीला कितीतरी जास्त वर्षं लागतील.

ह्यांचा प्रश्न सरळ होता. "पैसे एफडीत राहिले असते तर?" १,१७,००० वर सात टक्क्यांनी वर्षाला आठ हजार दोनशे. ते बचतीतून वजा केले तरी ३१,३०० राहतात आणि वसुली पावणेचार वर्षांवर जाते. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा वाटला: विजेचे दर खाली आले तर? सगळे दर १५ टक्क्यांनी कमी धरून बघितलं. बचत ३३,६०० आणि वसुली साडेतीन वर्षं. दर कमी झाले तरी सौदा मोडत नाही, हे बघितल्यावरच माझा जीव थंडावला. नुसत्या वरच्या टप्प्याचे दर कमी झाले तर फटका उन्हाळ्यातल्या बचतीला बसेल, तेवढं लक्षात ठेवलंय. दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागेल, त्यासाठी पंचवीस-तीस हजार बाजूला धरलेत. पॅनल वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास क्षीण होतात; तीन-चार वर्षांच्या हिशोबात त्याने फार फरक पडत नाही.

एक गोष्ट मात्र घरी स्पष्ट सांगावी लागली. अनुदान नंतर येतं. आधी १,९५,००० पूर्ण भरायचे. यंत्रणा बसून, नेट मीटर लागून, पोर्टलवर सगळी नोंद झाली की ७८,००० बँकेत जमा होतात. "सबसिडी वजा करून एवढेच द्या" असं कोणी म्हणालं तर ते कागदावर नीट लिहून घ्यावं. अनुदानासाठी पॅनलचे सेलही भारतात बनलेले लागतात, कोटेशनमध्ये त्याला 'डीसीआर' लिहितात. आमच्या पहिल्या कोटेशनवर तो शब्दच नव्हता. विचारल्यावर घातला, भाव तोच ठेवला.

सासऱ्यांचा प्रश्न गच्चीचा होता. सकाळी तिथे ते फेऱ्या मारतात, आणि उन्हाळ्यात कुरडया-पापड तिथेच वाळतात. "गच्ची गेली तर मला चालायचं नाही," असं ते स्वच्छ म्हणाले. त्यांच्यासाठी सांगाडा आठ फूट उंच घ्यायचा ठरवला. विक्रेत्याने त्याचे १५,००० जास्त सांगितले. मी ते खर्चात घातले: १,३२,०००, म्हणजे तीन वर्षं चार महिने. उंच सांगाड्याला वारा जास्त लागतो, म्हणून पॅनलचा उतार कमी ठेवला आणि पायाचे काँक्रीटचे ठोकळे मोठे घ्यायला लावले. खाडी जवळ असल्याने इथे लोखंड लवकर गंजतं. सांगाडा गरम जस्तात बुडवून काढलेल्या लोखंडाचा हवा, नुसता रंग मारलेला नको, हेही लिहून घेतलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात तीन किलोवॅटची ऑर्डर दिली. थांबून ऑक्टोबरला लावावं का, हाही विचार झाला. पण ऑक्टोबरला लावलं की पाठोपाठ हिवाळा, म्हणजे पहिले पाच-सहा महिने स्वस्त युनिट वाचवण्यात आणि मार्चअखेर शिल्लक घालवण्यात जाणार. जून ते ऑक्टोबर पाऊस असला तरी वहीप्रमाणे तीन किलोवॅटला तेवढ्या महिन्यांत साडेसोळा हजारांच्या आसपास वाचतात. शिवाय गच्चीचं वॉटरप्रूफिंग ठोकळे बसवल्यावर पावसाआधी करून घ्यायचं होतं. ऑर्डरच्या कागदावर पॅनलचा प्रकार, सांगाड्याचा प्रकार आणि उंची, आणि योजनेप्रमाणे पाच वर्षांची देखभाल, या तीन ओळी पेनने लिहून दोघांनीही सह्या केल्या, मगच पहिला चेक दिला.